दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य काय बोलावं?

काठपदर
मंडळी, आमचं सांगलीत साड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दिवाळीनंतर निम्मी गादी काढून तिथे रॅक आणि हँगर लावले, म्हणजे बायकांना स्वतः हात लावून बघता येईल. डोकं माझं, पैसे बाबांचे, आणि आता शिव्या मला.

अडचण अशी आहे. पाच सेल्समन आणि दोन मुली आहेत. बाई दारातून आत आली की दोघं-तिघं एकदम, "या ताई, काय दाखवू? सिल्क, कॉटन, डेली वेअर? रेंज काय?" ती म्हणते, "नाही, नुसतं बघतेय." तरी एकजण मागेमागे जातोच. ती हँगर सरकवते, तर हा पुढचा हँगर काढून तिच्या नाकासमोर धरतो. तीन मिनिटांत "येते हं परत" आणि ताई बाहेर.

मग मी चिडून सांगितलं, कुणी कुणाच्या मागे लागायचं नाही. पुढच्या आठवड्यात सगळे गल्ल्याजवळ मोबाईल बघत उभे. एक काकू दहा मिनिटं उभ्या राहून बाबांना म्हणाल्या, "तुमच्याकडे विकायचं नसतं का हल्ली?" बाबा म्हणतात, गादी परत टाक.

प्रश्न एवढाच: बाई आत आल्यावर नेमकं काय बोलायचं, कधी बोलायचं आणि मग कुठे उभं राहायचं? दुकानदार असाल तर सांगा, नसाल तर गिऱ्हाईक म्हणून सांगा.

शंकासुर
"काय पाहिजे? नाही. पुढे बघा." पुण्यात हा प्रश्न केव्हाच सुटलाय.

निशिगंधा
आला का पुण्याचा विनोद? पहिल्याच प्रतिसादात. शंकासुर, या वेळी मी पाचवा तरी धरला होता.

काठपदर, गिऱ्हाईक म्हणून सांगते. मला कुणी बोललेलंच नको असतं. परदेशात कसं शांतपणे बघता येतं, कुणी ढुंकूनही विचारत नाही. तुम्ही फक्त किमतीची लेबलं नीट लावा आणि माणसं मागच्या बाजूला ठेवा. ज्याला हवंय तो हाक मारेल.

सासवडची_सून
मलाही नको असतं. पण एक कबूल करते. "नुसतं बघतेय" हे मी खरेदी करायची असते तेव्हाही म्हणते. तोंडातून आपोआप निघतं. आणि एकदा म्हटलं की मग दहा मिनिटांनी मदत मागायला लाज वाटते. आताच तर म्हणाले होते नको म्हणून!

बंटी_नाशिक
आमच्या कंपनीच्या शोरूममध्ये (मोबाईल, साडी नाही) ट्रेनिंगमध्ये पक्कं शिकवलं होतं. गिऱ्हाईक आत आल्यापासून ३० सेकंदांत हसून गुड मॉर्निंग, नाव सांगायचं, मग "मी आपली काय मदत करू शकतो?" सगळं यातच आहे. तुमच्या लोकांना हे पाठ करून घ्या. महिन्यातून एकदा खोटं गिऱ्हाईक यायचं आणि आम्ही हे म्हटलं का ते लिहून न्यायचं. मार्क कमी पडले की मॅनेजर झापायचा.

शंकासुर
म्हणून तुम्ही लोक असे बोलता होय! मला वाटायचं आत कॅसेट आहे.

घडीमोड
मी दादरला साड्यांच्या दुकानात ३१ वर्षं होतो. पहिली बावीस गादीवर, नंतरची रॅकवर. आता निवृत्त. पण काठपदर यांनी जे लिहिलंय ते आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची माणसं वाईट नाहीत. ती अजून गादीवरच बसली आहेत, फक्त खालची गादी तुम्ही काढून घेतलीत.

गादीवर माल माझ्या पाठीमागे असतो. बाईला कपाट उघडता येत नाही. मी विचारलं नाही तर ती बघणार काय, माझं तोंड? तिथे "काय दाखवू" हे सेवेचं वाक्य आहे. तिने "काहीतरी हलकं, देण्याघेण्याचं" म्हटलं की मी चार थप्प्या काढणार, पाच घड्या मोडणार, तिचे डोळे कुठे थांबतात ते बघून सहावी काढणार. रेंजसुद्धा विचारायची नसते, पहिल्या तीन साड्यांवर कळते. पण समजा विचारली तरी चालतं, कारण विचारायचं कारण समोर दिसतंय.

रॅकवर माल तिच्या समोर आहे. तिथे "काय दाखवू" याचा अर्थ उलटा होतो. दिसतंय की सगळं, तू मध्ये कशाला? शिवाय तिला स्वतःलाच अजून ठाऊक नसतं काय हवंय. उन्हातून आत आलेली असते, पर्स सावरते, डोळे दिव्याला सरावायचे असतात. अशा वेळी प्रश्न टाकला की ती काहीतरी उत्तर देऊन मोकळी होते, आणि सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे "नुसतं बघतेय". सासवडच्या सूनबाईंनी पुढचं बरोबर सांगितलंय. ते उत्तर तिच्याच पायात अडकतं.

म्हणून पहिलं वाक्य असं हवं, ज्याला उत्तर द्यावं लागत नाही. "या ताई." संपलं. फार तर "या ताई, नवीन इरकल आज लावलीत उजवीकडे." पुढे प्रश्नचिन्ह नको.

आणि दारात नको. चार-पाच पावलं आत येऊ दे, नजर वर होऊ दे, मग. दारातच बोललात तर ती उंबऱ्यावर थबकते आणि मागची बाई तिच्यावर आदळते.

कुठे उभं राहायचं ते जेवून आल्यावर लिहितो.

मिरजेचा_मुलगा
घडीमोड काका, एक नंबर. जेवा निवांत.

वैशाली_जोग
काठपदर, सेमी-पैठणी आहे का तुमच्याकडे? मुनिया बॉर्डर, वांगी रंग. कुरिअरने पाठवता का? मागे एका ऑनलाइन दुकानातून मागवली तर फोटोत वांगी आणि हातात चॉकलेटी आली, परतही घेईनात.

काठपदर
वैशालीताई, व्यनि करतो. (बाबांनी हे वाचलं तर म्हणतील, बघ, धाग्यावर गिऱ्हाईक आलं आणि तूच "काय दाखवू" म्हणालास.)

घडीमोड काका, "गादी काढून घेतलीत" हे बाबांना वाचून दाखवलं. ते फक्त "हं" म्हणाले. आमच्याकडे हे मोठं प्रशस्तिपत्रक आहे.

रेवा_तोक्यो
काकांच्या "उत्तर द्यावं लागत नाही" याला माझ्याकडून पुरावा. इथे जपानमध्ये दुकानात शिरलं की सगळीकडून "इराश्शाइमासे" ऐकू येतं. या, या, असंच काहीसं. म्हणणारी मुलगी बऱ्याचदा बघतही नाही, ती टी-शर्टच्या घड्या घालत असते. आणि गिऱ्हाइकाने उत्तर द्यायचं नसतंच. मी नवीन होते तेव्हा प्रत्येकीला वाकून "नमस्कार" म्हणायचे. माझी मैत्रीण हसून हसून बेजार.

तरी इथेही लोक मागे लागण्याला कंटाळतातच. २०१७ मध्ये अर्बन रिसर्च नावाच्या कपड्यांच्या कंपनीने काही दुकानांत दाराशी निळ्या पिशव्या ठेवल्या होत्या. ती खांद्याला लावली की "मला बोलू नका". कोरियात इनिसफ्रीच्या दुकानांत तशाच दोन रंगांच्या टोपल्या निघाल्या होत्या, एक मदत हवी असणाऱ्यांची, एक एकट्याने बघणाऱ्यांची.

शंकासुर
सांगलीत निळी पिशवी ठेवली तर पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या पिशव्या मार्केट यार्डात भाजी आणताना दिसतील.

काठपदर
आमच्या पिशव्या आधीच दिसतात तिथे. छापील नावासकट. जाहिरात खात्यावर टाकतो.

मंदार_लिऑन
निशिगंधा, "परदेशात कुणी विचारत नाही" हे सगळीकडे खरं नाही. फ्रान्समध्ये लहान दुकानात शिरताना गिऱ्हाइकानेच आधी "बाँझूर" म्हणायचं असतं. न म्हणता थेट हँगर चाळायला लागलात तर दुकानदार बाईचा चेहरा बघण्यासारखा होतो. मला पहिले दोन महिने वाटायचं, ही माणसं तुसडी आहेत. मग एका शेजाऱ्याने समजावलं, तू त्यांच्या घरात जोडे घालून शिरतोयस. "बाँझूर" म्हटलं की ती "बाँझूर" म्हणते आणि मग अर्धा तास तुमच्याकडे फिरकत नाही.

उलटं उदाहरण वॉलमार्टचं. त्यांचा दारात उभा राहून स्वागत करणारा माणूस अमेरिकेत प्रसिद्ध. जर्मनीत दुकानं काढली तेव्हा तिथल्या लोकांना तो प्रकार विचित्र वाटला, असं त्या काळी बरंच लिहून आलं होतं. २००६ मध्ये त्यांनी जर्मनी सोडलं. अर्थात त्याला बाकीची मोठी कारणं होती, नुसत्या नमस्कारापायी कुणी देश सोडत नाही.

निशिगंधा
बरं बाबा, "मी राहिले त्या गावात" असं दुरुस्त करून वाचा.

हिशेबनीस
वॉलमार्टचा विषय निघालाच आहे तर, तो दारातला माणूस मुळात प्रेमापोटी नव्हता. १९८० च्या सुमारास लुइझियानातल्या क्राउली गावच्या दुकानात चोऱ्या होत होत्या, म्हणून मॅनेजरने एक वयस्कर माणूस दाराशी उभा केला. येणाऱ्याला रामराम आणि जाणाऱ्यावर नजर. सॅम वॉल्टनला कल्पना आवडली आणि ती सगळीकडे गेली.

आमचं रेडिमेडचं दुकान होतं (आता नाही). मी सांगतो, "या" म्हणणं हे चोरासाठीही असतं. आपल्याला कुणीतरी बघितलंय हे त्याला कळतं. काठपदर, रॅक लावलेत ना? मग माल मोजत जा.

घडीमोड
आलो. हिशेबनीस यांचं बरोबर आहे, पण याच कारणाने माणसं मागे फिरायला लागतात आणि साध्या बाईला वाटतं मला चोर समजतोय. "या" एकदा म्हणा, नजरेला नजर द्या, बास. तेवढ्याने चोराला कळतं आणि बाकीच्यांना बरं वाटतं.

आता उभं कुठे राहायचं. रिकाम्या हाताने कुठेही उभे राहिलात तरी वॉचमन दिसता. हात मागे बांधले तर पोलीस, पुढे बांधले तर लग्नातला मुलीचा बाप. म्हणून हातात काम हवं. साडीच्या दुकानात कामाला तोटा नाही. मोडलेल्या घड्या घाला. मी तर चार-पाच साड्या मुद्दाम मोडून ठेवायचो. घडी घालणारा माणूस बाईला दिसतो, पण तिच्याकडे बघत नसतो. आणि साडीची घडी अशी आहे की कधीही अर्धी सोडता येते.

तिच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही. दोन रॅकमधल्या बोळातही नाही, तिला अंग चोरून जावं लागतं आणि ती त्या बोळात परत शिरत नाही. तिच्या एका बाजूला, सात-आठ हातांवर, अंग थोडं तिरकं.

मग वाट बघायची. किती? बंटी, घड्याळात नाही ते. तिच्या हातात आहे. एकच साडी फिरून तिसऱ्यांदा हातात घेतली, पदर उलगडून बघायला लागली, दोन साड्या दोन हातांत धरल्या, लेबल उलटंपालटं केलं, तर दुसरं वाक्य बोलायची वेळ झाली. आणि मान वर करून इकडेतिकडे बघितलं तर वेळ झालेली नाही, टळत आली आहे, पळा. सोबतच्या बाईशी हळू आवाजात बोलतायत किंवा फोटो काढून बहिणीला पाठवतायत, तेव्हा मात्र मध्ये पडू नका. ती बहिणीच्या उत्तराची वाट बघतेय, तुमच्या नाही.

दुसरं वाक्यही प्रश्न नको. तिच्या हातातल्या वस्तूबद्दल तिला न दिसणारी एक गोष्ट सांगायची. "ताई, ह्यात हिरवा आणि राणी कलर आत कपाटात आहे." "ह्याचा ब्लाऊजपीस आतल्या बाजूला आहे, काठाचा." आणि परत घडीकडे. तिला हवं असेल तर ती म्हणेल, "बघू बरं राणी." ती म्हणाली की मग खरं दुकान सुरू.

सासवडची_सून
काका, तुम्ही कुठल्या दुकानात होतात? मी आयुष्यभर तिथूनच घेतल्या असत्या.

घडीमोड
कदाचित घेतल्याही असतील. नाव नको.

मिरजेचा_मुलगा
पण काका, ताई कशावरून? मागच्या महिन्यात माझ्या बायकोला एका पोराने "मावशी" म्हटलं. वय ३४. तिने हातातली साडी जागेवर ठेवली आणि आम्ही सरळ बाहेर. रस्ताभर मलाच विचारत होती, मी मावशी दिसते का. मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही, पण चुकलं.

वैशाली_जोग
मला "काकू" चालतं, "आंटी" चालत नाही. आणि "मॅडम" म्हटलं की किंमत वाढणार असं वाटतं.

बंटी_नाशिक
आम्हाला सर/मॅडमच सांगितलं होतं. सगळ्यांना सारखं. वाद नाही.

घडीमोड
साठीच्या पुढे खात्री असेल तरच मावशी. बाकी सगळ्या ताई. सत्तरीची बाई ताई म्हटल्यावर रागावत नाही, हसते. आणि कोल्हापूर-सांगलीकडे वहिनी चालतं, आमच्या दादरला फारसं नाही.

उंबरठा
बराच वेळ वाचतेय, लिहू की नको करत होते.

माझी आई चार घरी धुणीभांडी करायची. माझ्या लग्नाच्या वेळी ती आणि मी साडी घ्यायला गेलो. आईच्या पिशवीत दोन वर्षं साठवलेले पैसे होते. दुकानाचं नाव सांगत नाही, मोठं होतं. आत गेल्यावर कुणी "या" म्हटलं नाही. आमच्या मागून आलेल्या बाईंना तिघांनी म्हटलं. आम्ही रॅककडे गेलो तर एकजण येऊन शेजारी उभा राहिला, काही न बोलता. आईने एका साडीला हात लावला तर म्हणाला, "बजेट काय आहे?" आईने आकडा सांगायच्या आत त्याने बोट दाखवलं, "सिंथेटिक तिकडे."

तर इथे जे चाललंय, बोलू नका, एकटं सोडा, ते मला पटतं पण अर्धंच. ज्यांना सगळीकडे "या" मिळतं त्यांना ते नकोसं होतं. आईला ते हवं होतं. तिला कुणी म्हटलं असतं, "या ताई, बघा निवांत," तर तिने ती साडी नसती घेतली तरी चाललं असतं.

निशिगंधा
उंबरठा, माझ्या पहिल्या प्रतिसादात मी फक्त माझा विचार केला होता.

घडीमोड
ताई, तुम्ही लिहिलंत ते आम्ही केलंय. मी केलंय. चपलेकडे बघून माल काढायला मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि ते विसरायला बरीच वर्षं लागली. वर मी "रेंज विचारायची नसते, कळते" असं ऐटीत लिहिलं, त्यात हेही आलं.

काठपदर
उंबरठा, धन्यवाद लिहिल्याबद्दल. काल दुकानात एवढाच नियम केला: "या" सगळ्यांना, आणि रेंज हा शब्द गिऱ्हाइकाने काढल्याशिवाय कुणी काढायचा नाही.

आता एक नवीन भानगड. काकांनी सांगितलेलं मी सकाळी सगळ्यांना समजावलं. "या ताई" आणि मागे सरकायचं. पोरं हो हो म्हणाली. दुपारी बघतो तर एकजण "या ताई" म्हणाला, मागे सरकला, आणि लगेच दुसरा पुढे. मग पहिला धावत परत. दोघांत जुंपली, गिऱ्हाइकासमोर.

हिशेबनीस
इन्सेंटिव्ह कसा देता?

काठपदर
नगावर. ज्याने गिऱ्हाईक अटेंड केलं त्याचा कोड बिलावर पडतो.

हिशेबनीस
आणि अटेंड केलं म्हणजे? आधी कोण बोललं ते?

काठपदर
...हो.

हिशेबनीस
मग झालं की. तुमच्या दुकानात "या ताई" हा नमस्कार नाही, ती शेताची हद्द आहे. जो आधी बोलला त्याचं गिऱ्हाईक. तो मागे सरकला तर दुसरा त्याच्या शेतात नांगर घालणार. तुम्ही वाक्य कितीही गोड शिकवा, तो सावलीसारखा चिकटणारच, कारण सरकला की पैसे गेले. तो बाईच्या मागे फिरत नव्हता, सहकाऱ्यांपासून स्वतःचं बिल राखत होता.

आमच्याकडे पाळी होती. गल्ल्यावरच्या पाटीवर नावं, गिऱ्हाईक आलं की वरच्या नावाचं. बाकीच्यांनी बघायचंही नाही. त्याने मागे लागणं बरंच थांबलं होतं.

घडीमोड
पाळी बरी, पण तिच्यात एक खोट आहे. नुसती बघायला आलेली बाई पाळीत आली की पोराला वाटतं नंबर वाया गेला, आणि तो तिला बिल केल्याशिवाय सोडत नाही. आम्ही शेवटी वेगळं केलं. "या" म्हणणारा वेगळा. दाराजवळच्या रॅकवर जो घडी घालत असेल तो म्हणणार, आणि त्याचा बिलाशी संबंध नाही. दुसरं वाक्य ज्याच्या रॅकवर बाई थांबली त्याचं. आणि इन्सेंटिव्ह सगळ्या मजल्याचा एकत्र, महिनाअखेर वाटायचा.

बंटी_नाशिक
एकत्र वाटला तर जो चांगला विकतो तो का थांबेल? आमच्याकडे असं केलं होतं, सगळ्यात भारी पोरगा दोन महिन्यांत समोरच्या दुकानात गेला.

घडीमोड
गेला असेल. आमचाही एक गेला.

हिशेबनीस
म्हणून म्हणतो, पाळी.

सासवडची_सून
गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही हो. आम्हाला वाटतं तो माणूसच चिकट आहे.

रेवा_तोक्यो
थोडं विषयांतर. ही पोरं दिवसभर उभी असतात का? गादीवर निदान बसायला मिळायचं.

मिरजेचा_मुलगा
विषयांतर नाही हे. केरळात साडीच्या दुकानांतल्या बायकांनी त्यासाठीच लढा दिला होता. २०१८ मध्ये तिथे कायद्यात बदल होऊन दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी लागली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. दहा तास उभा असलेला माणूस हसून "या ताई" कसा म्हणेल?

काठपदर
आमच्याकडे दोन स्टुलं आहेत, दोन्हींवर बाबांच्या वह्या. आज रिकामी करतो.

शंकासुर
धागा साडीवरून कामगार चळवळीवर आला. आता फक्त भाषावार प्रांतरचना बाकी.

काठपदर
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. वैशालीताईंची वांगी पैठणी पोचली, वांगीच होती.

काय केलं ते सांगतो. बदल करायच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ मी गल्ल्यावर बसून वहीत रेघा ओढल्या होत्या. ३८ जणी किंवा गट आले, त्यांतले १४ तीन मिनिटांच्या आत "येते परत". मग काकांची पद्धत: दाराजवळ सुनीता (नाव बदललंय) घड्या घालत, "या ताई, बघा निवांत" म्हणणार, तिचा कोड बिलावर नाही, तिला वेगळे ठरलेले पैसे. दुसरं वाक्य रॅकवाल्याचं. एकत्र इन्सेंटिव्हची हिंमत झाली नाही, रॅकप्रमाणे कोड ठेवला. या शनिवारी त्याच वेळात ३५ आल्या, ८ लगेच गेल्या.

एक प्रसंग मात्र लिहितोच. मंगळवारी एक बाई आल्या, पन्नाशीच्या, खांद्याला शबनम. सुनीता "या ताई" म्हणाली, त्या काही बोलल्या नाहीत. इरकलच्या रॅकपाशी गेल्या. तिथला आमचा जुना सेल्समन, १९ वर्षं गादीवर काढलेला, त्याचे हात शिवशिवताना मला लांबून दिसत होते. बाईंनी एक काळी-लाल उचलली, ठेवली, फिरून परत तीच. तिसऱ्या वेळी पदराचं टोक उलगडलं. तेव्हा तो घडी न सोडता म्हणाला, "टोप-पदर विणतानाच जोडलेला आहे ताई, शिवण नाही." त्यांनी पदर उलटा करून खालून बघितला. मिनिटभर काही नाही. मग म्हणाल्या, "माझ्या आईची अशी होती. निळ्यात आहे का?" निळी कपाटात होती. दोन घेऊन गेल्या. तो दिवसभर सगळ्यांना सांगत होता, "मी एकच वाक्य बोललो, एकच."

हिशेबनीस
रेघा ओढल्यात ते चांगलं केलंत. पण पहिला शनिवार महिनाअखेरचा होता का? आणि दुसरा पगारानंतरचा? तसं असेल तर १४ आणि ८ मध्ये तुमच्या "या ताई"चा वाटा किती ते कळायचं नाही. विक्री किती वाढली?

काठपदर
पहिला महिनाअखेरचाच होता. पकडलंत. विक्री जवळजवळ तेवढीच आहे. आणि रॅकप्रमाणे कोड ठेवल्यामुळे आता सगळ्यांना दारासमोरचा रॅक हवाय.

घडीमोड
दर सोमवारी रॅक बदला. भांडण मिटणार नाही, पण रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा होईल.

निशिगंधा
आणि बाबा काय म्हणाले?

काठपदर
बाबा काल गल्ल्यावरून उठून दाराजवळ जाऊन बसले, मोकळ्या झालेल्या स्टुलावर, मांडीवर मोडलेली साडी घेऊन. येणाऱ्या प्रत्येकीला "या" म्हणत होते. चौथ्या बाईला "काय दाखवू?" निघालंच तोंडातून. ती म्हणाली, "काका, सगळंच दाखवा." दीड तास गादीवर बसवून त्यांनी तिला सगळंच दाखवलं.

शंकासुर
घेतलं का काही?

काठपदर
दोन फॉल.